आकडा चुकला तरी वाक्य चुकत नाही

समजा, तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या ग्राहकासाठी मराठीत ईमेल लिहिला आणि संगणकाकडून तो इंग्रजीत करून घेतला. मजकूर एवढाच: ‘दि. ०५/०६/२०२६ पर्यंत साडेबारा टन माल रवाना होईल. आगाऊ साडेबारा लाख रुपये पाठवावेत. पुढचं सगळं आशा काळे पाहतील.’ इंग्रजी मजकूर वाचताना कुठेही ठेच लागली नाही, म्हणून तो पाठवायला हरकत नाही असं वाटणं साहजिक आहे. पण वाक्य नीट वाचता येतं यावरून त्यातला आकडा बरोबर आहे हे ठरत नाही. साडेबारा लाख म्हणजे सव्वा मिलियन. लाखाच्या जागी मिलियन बसवून यंत्राने साडेबारा मिलियन लिहिलं, तर रक्कम दसपट होते आणि व्याकरणाला ओरखडाही येत नाही.

असं होण्याचं कारण यंत्राच्या कामाच्या पद्धतीत आहे. आजची भाषांतर-यंत्रं मजकुराचे बारीक तुकडे करतात आणि पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, हे शिकलेल्या नमुन्यांवरून ठरवतात. ती रकमेचा हिशेब करत नाहीत. आकडा त्यांच्या लेखी शब्दासारखाच एक तुकडा, किंवा अनेक तुकड्यांची माळ. शब्दाच्या बाबतीत हे बहुतेकदा निभावतं, कारण भाषेत एकच गोष्ट अनेक खुणांनी सांगितलेली असते. ‘बेदाणा’चं ‘बेदाना’ झालं तरी वाचणारा मनात दुरुस्त करून घेतो. आकड्याला असा शेजारचा आधार नसतो. बारा टनांचे एकवीस झाले, तर चूक उघडी पाडणारं वाक्यात काहीच नाही. म्हणूनच आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकला की तो जुळत नाही. ईमेलमधल्या रकमेला आणि तारखेला असा राखणदार नाही.

तारखेची गोष्ट तर आणखी नाजूक. यंत्राने 05/06/2026 जशीच्या तशी उतरवली तर त्याची काहीच चूक नाही. पण आपल्याकडे तो ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. जर्मनीला माल जात असेल तर तारीख सुखरूप, पण वजन धोक्यात: आपल्या बिलांवर साडेबारा टन 12.500 असे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याची पद्धत आहे, आणि जर्मन वाचक तो ठिपका हजाराचा समजून साडेबारा हजार वाचतो.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत करून पाहायचा. अर्थाचा गैरसमज उघड करायला तो उपयोगी आहे, इथे मात्र तो खोटा दिलासा देतो. नेमकं दुखणं परतीच्या वाटेवर आपोआप बरं झालेलं दिसतं. 05/06 परत 05/06 म्हणूनच येते. आशाचं यंत्राने Hope केलं असेल, तर परत येताना तिची आशाच होते. (काळे यांचं Kale तर बरोबरच आहे; फक्त इंग्रजी वाचकाला आधी पालेभाजी आठवेल.) ‘पाहतील’ या आदरार्थी रूपात बाई की बुवा कळत नाही. यंत्राने he लिहिलं तरी मराठीत परतल्यावर पुन्हा नुसतं ‘पाहतील’ दिसू शकतं, आणि तेही खटकणार नाही.

यंत्रं आता सुधारली आहेत, असे घोळ क्वचितच होतात, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. अंकांत लिहिलेली साधी संख्या सहसा धड पोहोचते. पण चूक जितकी विरळ, तितकी तपासणाऱ्याची नजर सैल पडते. शिवाय तारखेचा घोळ यंत्राचा नाहीच, तर दोन देशांच्या सवयींचा; यंत्र कितीही हुशार झालं तरी कोऱ्या 05/06 मधून लिहिणाऱ्याच्या मनातला महिना त्याला खात्रीने काढता येणार नाही.

तेव्हा राखणदार आपणच बसवायचा, तोही भाषांतराच्या आधी. तारखेत महिना अक्षरी आणि सोबत वार: शुक्रवार, ५ जून २०२६. ६ मेला बुधवार येतो, त्यामुळे महिना फिरला की वार बोंब मारतो. रक्कम चेकवर लिहितो तशी अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही. भाषांतरात या दोन जोड्या फुटल्या की कुठे पाहायचं ते लगेच कळतं. मग मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव अधोरेखित करून त्याची जोडी इंग्रजीत शोधायची, अर्थ न लावता, एकेक अंक करून. आणि उलट बाजूने इंग्रजीत एखादा आकडा जास्तीचा तर आलेला नाही ना, हेही बघायचं. नावाला मात्र वारासारखी साक्ष मिळत नाही. चौधरी हे Chaudhari, Chaudhary आणि Choudhary अशा तिन्ही रूपांत खरं असतं, आणि त्यातलं त्या माणसाचं कोणतं, हे यंत्राला मराठी अक्षरांवरून कळण्याचा मार्ग नाही. ते पासपोर्टवरून किंवा त्यांनी स्वतः पाठवलेल्या जुन्या पत्राखालच्या सहीवरून उचलून चिकटवावं लागतं.