‘लहानपणापासूनची आवड’ आणि ताक्यांची वही

कापडाच्या बाजारात कोणी व्यापारी नुसता ‘एक नंबर माल, लाजवाब क्वालिटी’ असे लिहून पाठवील, तर त्याला ऑर्डर मिळणार नाही. समोरचा विचारील, सूत किती काउंटचे, इंचात ताणा किती, बाणा किती, पन्ना किती? साठ बाय साठ, ब्याण्णव बाय अठ्ठ्याऐंशी, पन्ना सत्तेचाळीस, एवढे लिहिले की कॅम्ब्रिक डोळ्यांपुढे उभे राहते, आणि तारीफ करण्याची गरजच उरत नाही. हे आपल्यातल्या लहानशा दलालालाही ठाऊक आहे. परंतु याच घरातली मुले परदेशी विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज करतात तेव्हा मात्र ‘लाजवाब क्वालिटी’ लिहून पाठवतात.

या अर्जासोबत एक निवेदन मागतात. हा विषय का शिकायचा आहे, त्यासाठी आजवर काय केले, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगावे अशी अपेक्षा असते. गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीची बरीच मुले असे कागद मला दाखवायला आणतात, कारण मी कापडातला माणूस आणि ती टेक्स्टाईलची मुले. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी कामापुरतेच येते. तरी पहिले वाक्य न वाचताच सांगू शकतो. ‘लहानपणापासून मला वस्त्रोद्योगाची पॅशन आहे.’ आणि शेवटचे? ‘या ज्ञानाने मला जग बदलायचे आहे.’

मुलांचा यात दोष थोडा आहे. उर्दू शाळेत मज़मून लिहायला शिकवत, तेव्हा सुरुवात भारदस्त असावी आणि शेवट बुलंद असावा असाच आग्रह असे. मराठी शाळेतल्या निबंधाचे काही वेगळे नव्हते. बचपन, शौक, जज्बा, खिदमत हे शब्द तिथून येतात आणि इंग्रजी पेहराव करून अर्जात बसतात. आणि हे केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. इंग्लंडमध्ये पदवीचे प्रवेश अर्ज ‘युकास’ या एकाच संस्थेमार्फत जातात. तिने 2007 साली सुमारे 50,000 अर्जांची निवेदने संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात 234 मुलांनी, आठ वर्षांचे असताना आपल्या पायजम्याला जळून भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली, अशी एकच गोष्ट लिहिली होती. 175 निवेदनांत आजारी किंवा वृद्ध आजोबा होते. नमुन्याच्या निवेदनांवरून नक्कल झाल्याचे उघड होते. एखाद्याचे आजोबा खरोखरच आजारी असतील. परंतु वाचणाऱ्याला खरा कोणता आणि उसना कोणता हे कळणार कसे?

‘लहानपणापासूनची आवड’ हे वाक्य खोटे असते असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा ते खरेच असते. अडचण अशी की ते तपासता येत नाही. ज्याला आवड होती तो हे लिहितो, ज्याला नव्हती तोही हेच लिहितो. म्हणून एक साधी कसोटी आहे. वाक्यावरचे नाव झाकावे आणि पाहावे की ते वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या कागदावर जसेच्या तसे चालते का. चालत असेल तर ते काढावे आणि त्या जागी असे काही लिहावे ज्यावर ‘किती, केव्हा, कुठे’ असे विचारले तर उत्तर देता येईल.

हे प्रत्यक्षात कसे होते ते माझ्या भाचीच्या कागदावरून सांगतो. तिच्या वडिलांचे मालेगावात आठ साधे पावरलूम आहेत. टेक्स्टाईल इंजिनिअरिंगची पदवी झाली आणि इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात होते. त्यासाठी आठपैकी दोन लूम काढायची तयारी वडिलांनी दाखवली होती. म्हणजे कागद फेकून देण्यासारखा नव्हता. तिच्याही पहिल्या ओळीत बचपन होते आणि शेवटच्या ओळीत जग.

मी विचारले, “बेटा, बचपनात तू नेमके काय करत होतीस?”

“मामू, काही विशेष नाही. नववीपासून अब्बांची ताक्यांची वही मी लिहायची.”

“विशेष नाही कसे? वहीत काय असायचे?”

“कोणत्या लूमवरून किती मीटर ताका उतरला, ते.”

मग ती स्वतःच बोलू लागली. वही लिहिताना तिच्या लक्षात आले होते की काही लूमचा ताका नेहमीच तोकडा असतो. कॉलेजात हिशेब शिकली तेव्हा तिने तो घरी लावून पाहिला. लूम मिनिटाला 120 पीक मारतो आणि कापडात इंचाला 60 पीक आहेत, म्हणजे मिनिटाला दोन इंच कापड, तासाला 120 इंच, साधारण तीन मीटर. बारा तासांच्या पाळीत 36 मीटर उतरायला हवे. वहीत सरासरी 25 होते. बाकीचे अकरा मीटर कुठे गेले?

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत ती सहा दिवस, दुपारी एक ते पाच, चार लूमसमोर वही घेऊन बसली. कांडी संपल्यावर लूम थांबतो, तो साध्या लूमवर थांबणारच; ते तिने वेगळे ठेवले. ताण्याची तार तुटून लूम किती वेळा थांबला, तेवढेच मोजले. चार लूम, चार तास, सहा दिवस, म्हणजे 96 लूम-तास. त्यात 163 वेळा तार तुटली. कारीगराकडे एकापेक्षा जास्त लूम असतात, त्यामुळे तो येऊन तार जोडून लूम पुन्हा चालू करेपर्यंत सरासरी तीन मिनिटे जात. म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक नुकसान फक्त तुटीमुळे. खरी गोष्ट पुढे आहे. 163 पैकी 109 तुटी दोनच लूमवर होत्या, आणि त्या दोन्ही लूमवरचे बीम साइझिंगच्या एकाच लॉटचे होते.

हे सगळे तिच्या अर्जात कुठेच नव्हते! ‘मला प्रॉडक्शनची सखोल जाण आहे’ एवढे एक वाक्य तेवढे होते.

मी तिला एक शंका विचारली, जी कोणताही मुकादम विचारील. एप्रिल महिन्यातली मालेगावची दुपार, हवा कोरडी ठाक. कोरड्या हवेत सुतावरची खळ कडक होऊन तडकते आणि तार तुटते. म्हणूनच सूती कापडाच्या कारखान्यात ओलावा राखावा लागतो. मग दोष साइझिंगचा की दुपारचा? ती पुढच्या आठवड्यात दोन सकाळी, सात ते अकरा, पुन्हा बसली. दुपारी त्या दोन लूमवर तासाला लूममागे साधारण सव्वादोन तुटी होत्या, सकाळी पावणेदोनच्या आसपास आल्या. चांगल्या लूमवर दुपारी एकाहून थोड्या जास्त, सकाळी एकाहून कमी. म्हणजे सकाळी सगळीकडेच तुटी कमी झाल्या, परंतु वाईट लूम सकाळीही वाईटच राहिले. कोरडी हवा सर्वांना त्रास देते, परंतु ते एकच कारण नाही. आता उरले दोन संशयित, साइझिंगचा लॉट आणि खुद्द लूम. फणी घासत असेल, धोट्याची वाट खराब असेल. हे ठरवायचे तर त्याच लूमवर दुसऱ्या लॉटचा बीम चढवून पुन्हा मोजावे लागेल, आणि चढलेला बीम संपेपर्यंत ते शक्य नव्हते.

ती म्हणाली, “म्हणजे मामू, उत्तर तर मिळालेच नाही. हे कसे लिहू?”

माझ्या मते लिहायचे ते हेच होते. सगळी उत्तरे हातात असती तर शिकायला जायचे कशाला? नव्या कागदाची सुरुवात अशी झाली: ‘नवव्या इयत्तेपासून मी वडिलांच्या आठ पावरलूमच्या उत्पादनाची वही लिहिते. हिशेबाने 36 मीटर निघायला हवे तिथे 25 निघतात. मी 96 लूम-तास मोजले. ताण्याच्या 163 तुटींपैकी 109 दोनच लूमवर, एकाच साइझिंग लॉटवर होत्या. कारण लॉट आहे की लूम, हे मी अजून वेगळे करू शकलेले नाही. सकाळची मोजणी तर फक्त दोनच दिवसांची आहे.’ यात ‘आवड’ हा शब्द नाही. तरीही एप्रिलच्या दुपारी खटखट आवाजात चार-चार तास बसलेली मुलगी वाचणाऱ्याला दिसते.

दुसरी एक काळजी घ्यावी लागली. आकडे हाती लागल्यावर ती सगळेच लिहू लागली, काउंट, पन्ना, सुताचा भाव. मी अर्धे काढायला लावले. हिशेब समजायला जेवढे लागतात तेवढेच ठेवावेत. निवेदन म्हणजे चलान नव्हे.

जग बदलण्याची ओळ तिला सोडवत नव्हती. मी म्हटले, जग राहू दे, किती लूम बदलणार ते सांग. मोठे शब्द कमी करण्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत सोपा मार्ग आहे. कोणाचे काम, किती जणांचे, आज त्यांच्याकडे काय नाही, आणि परत आल्यावर पहिल्या वर्षी काय करणार, एवढे विचारावे. तिचे उत्तर असे निघाले: छोटे कारखानदार आपला ताणा बाहेरच्या साइझिंगवाल्याकडे देतात. बीम आल्यावर खळ किती बसली, ओलावा किती राहिला, हे तपासायचे साधन त्यांच्याकडे नसते. माल वाईट आहे हे तुटी वाढल्यावरच कळते आणि मग भांडण होते. बीम चढवण्याआधी करता येईल अशी स्वस्त तपासणी तिला शिकायची आहे, आणि पहिल्या वर्षी घरच्या आठ व चुलत्यांच्या बारा लूमवर ती चालवून तुटींची वही ठेवायची आहे. वीस लूम! जगाच्या मानाने काहीच नाही, परंतु यावर प्रश्न विचारता येतो आणि तिला उत्तरही देता येते.

ज्यांच्या घरात लूम नाहीत त्यांनी हा हिशेब उचलून आपल्या कागदात घालू नये, नाहीतर तोही पायजम्याच्या भोकासारखा होईल. शिवणकाम करणाऱ्याच्या मुलाने एका शर्टामागे वाया जाणारे कापड मोजावे, लाकूडकाम करणाऱ्याच्या मुलाने परत आलेली दारे आणि त्यांची कारणे लिहावीत. ‘युकास’नेही 2026 च्या प्रवेशांपासून पदवीसाठीचे एकसलग निवेदन बंद करून तीन प्रश्न ठेवले आहेत: हा विषय का, अभ्यासाने काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केले. तिसऱ्या प्रश्नात आपल्या कारखान्यातली, दुकानातली वही चपखल बसते.

भाचीला मी एवढेच आणखी सांगितले की मूळ वही, तेलाच्या डागांसकट, जपून ठेव. मुलाखतीत कोणी विचारले की 109 हा आकडा कसा आला, तर तारखेवार पान उघडून सांगता आले पाहिजे.