टाके निघेपर्यंतची कसरत

नसबंदीच्या शस्त्रक्रियेत कुत्रीच्या बेंबीच्या खाली छेद घेऊन अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. बाहेरून दिसते ती दोन-तीन इंचांची टाक्यांची रेघ, पण खरा भार आतल्या टाक्यांवर असतो. पोटाची भिंत तेच धरून ठेवतात. कातडी आठवड्याभरात जुळलेली दिसते, आतला थर मात्र तेव्हा कच्चाच असतो. वेदनाशामकामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्री ठणठणीत वाटू लागते. गडबड होते ती नेमकी इथून पुढे.

दीड वर्षाची एखादी लॅब्राडॉर पाचव्या दिवशी सोफ्यावर उडी मारते आणि संध्याकाळी टाक्यांखाली लिंबाएवढा फुगवटा दिसतो. तो मऊ आहे, गरम नाही, दुखत नाही आणि कुत्री नीट जेवते आहे, तर बहुधा हालचालीमुळे तिथे पाणी साचलेले असते. हालचाल आवरली की ते दोन-तीन आठवड्यांत जिरते. ते सुईने काढण्याचा उद्योग घरी करू नये, जंतू आत जातात. मात्र आतला टाका सुटून चरबी किंवा आतडे कातडीखाली आले, तरी सुरुवातीला असाच फुगवटा दिसतो. म्हणून दाबून न पाहता डॉक्टरांना दाखवावे. जखम उघडी पडली, पू किंवा दुर्गंधी आली, रक्त थांबेना, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा कुत्री मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखम दिवसातून दोनदा उजेडात पाहावी आणि रोज एक फोटो काढावा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की लाली वाढली की उतरली ते कळते. हळद किंवा मलम आपल्या मनाने लावू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशा बसून अळ्या होतात, त्यामुळे जखम कोरडी हवी आणि आंघोळ बंद.

गळ्यातला कोन नाकाच्या टोकापुढे थोडा यावा आणि मानेपाशी दोन बोटे जातील इतका सैल असावा. त्याहून आखूड कोन निरुपयोगी, कारण जीभ टाक्यांपर्यंत पोहोचते. कीव येऊन रात्री तो काढला, तर सकाळपर्यंत टाके चघळलेले सापडू शकतात. जेवताना समोर बसून काढायला हरकत नाही.

अवखळ कुत्रीला नुसते कोंडले तर ती दारावर उड्या मारते. शू-शीपुरते पट्ट्याने पाच-दहा मिनिटे फिरवावे, जिना टाळावा आणि एरवी डोक्याला काम द्यावे. चादरीच्या घड्यांत लपवलेले खाणे हुंगून शोधण्यात ती बराच वेळ रमते. तरीही आवरेना, तर डॉक्टर शांत ठेवणारे औषध देतात. ते मागण्यात संकोच नको.

कातडीवरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. मोकळे धावू द्यायचे ते डॉक्टरांनी जखम तपासल्यावरच.