पीडीएफमधले स्तंभ, तक्ते आणि चुकणारा शोध

पीडीएफ फाइलमध्ये बहुतेकदा परिच्छेद नसतात आणि ओळीही नसतात. कोणते अक्षरचिन्ह पानावर कुठे उमटवायचे, हे तिथे नोंदलेले असते. ए-फोर पान सुमारे 595 बाय 842 पॉइंटचे असते आणि प्रत्येक चिन्हाची जागा त्यावर मोजून ठरते. वाचनाचा क्रम डोळ्यांना सहज कळतो, पण मजकूर काढणाऱ्या प्रोग्रॅमला तो अंदाजाने बांधावा लागतो.

हा अंदाज दोन स्तंभांच्या पानावर अनेकदा चुकतो. समजा, डाव्या स्तंभात ‘पावसाचे पाणी’ आणि त्याखालच्या ओळीत ‘अडवण्यासाठी बांध’ असे आहे. उजवीकडे त्याच उंचीवर दुसऱ्याच बातमीतले ‘कर्जमाफीची यादी’ हे शब्द आहेत. पानाची मांडणी जशीच्या तशी राखणारी आज्ञा अशी असते:

```
pdftotext -layout ahwal.pdf ahwal.txt
```

यातून ‘पावसाचे पाणी कर्जमाफीची यादी’ अशी एक सलग ओळ तयार होते. इंडेक्स करताना मधली मोकळी जागा विचारात घेतली जात नाही. मग ‘पाणी अडवण्यासाठी’ हा सलग शब्दसमूह शोधला तर हा अहवाल सापडत नाही, आणि ‘पाणी कर्जमाफीची’ हा निरर्थक समूह मात्र सापडतो. `-layout` न लावता हीच आज्ञा दिली, तर प्रोग्रॅम स्तंभ ओळखून एकामागून एक वाचण्याचा प्रयत्न करतो. तेही जमले नाही, तर `-bbox-layout` वापरून प्रत्येक शब्दाची जागा मिळवावी आणि बऱ्याच ओळींमधून सलग जाणारी उभी रिकामी पट्टी शोधून पान तिथे विभागावे. दोन्ही स्तंभांवर पसरलेला मथळा आधी वेगळा काढावा, नाहीतर तो ही पट्टीच झाकून टाकतो.

तक्त्यात मात्र मांडणी टिकणे आवश्यक असते. बाजारभावाच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने आहेत, आणि कांद्यापुढे आवकेचा रकाना रिकामा आहे असे समजा. काढलेल्या मजकुरात ‘कांदा 900 1800 1400’ एवढेच उरते. डावीकडून मोजल्यास 900 हा किमान दर आवक ठरतो आणि पुढचा प्रत्येक आकडा एकेक रकाना सरकतो. ही चूक सर्वांत घातक, कारण उत्तर मिळते, पण ते खोटे असते. म्हणून आकड्याच्या आडव्या जागेवरून त्याचा रकाना ठरवावा आणि प्रत्येक ओळ मथळ्यांसह नोंदवावी: ‘कांदा, आवक: नोंद नाही, किमान दर: 900’.

मराठीत आणखी एक अडचण येते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढली जाते, त्यामुळे सदोष फाइलमधून ‘किमान’चे ‘िकमान’ होते आणि शोध रिकामा परततो. वेलांटीने सुरू होणारा शब्द मराठीत असूच शकत नाही. असे शब्द मोजले की बिघडलेली फाइल लगेच ओळखता येते.

इंडेक्स करण्याआधी स्तंभांचे एक आणि तक्त्याचे एक पान काढलेल्या मजकुराशी ताडून पाहावे. चूक नंतर सापडली, तर मजकूर पुन्हा काढून त्या फाइलींचा इंडेक्स नव्याने करावा लागतो.