रॅकवरचा माल किती जुना?

दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात दोन-तीन हजार प्रकारचा माल सहज असतो. वर्षअखेरीस शिल्लक मोजली की एकूण किंमत कळते, पण त्यातला किती माल वर्षभरापासून धूळ खात पडलाय हे त्या आकड्यातून कळत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून खरेदी, विक्री आणि शिल्लक या तीन याद्या एक्सेलमध्ये काढता आल्या, तर ते घरबसल्या शोधता येतं.

बहुतेक जण मालाचं वय शेवटच्या खरेदीच्या तारखेवरून काढतात आणि तिथेच फसतात. समजा ३१ मार्च २०२५ रोजी एका ब्रेक शूचे ४६ नग शिल्लक आहेत आणि दर १५० रुपये. खरेदी अशी झाली: १५ जानेवारी २०२४ ला ३० नग, ५ ऑगस्टला २० आणि १० फेब्रुवारी २०२५ ला १२. शेवटची तारीख धरली तर सगळे ४६ नग ४९ दिवसांचे, म्हणजे ताजे दिसतात. पण आधी आलेला माल आधी गेला असं मानलं, तर शिलकीत फेब्रुवारीचे १२, ऑगस्टचे २० आणि उरलेले १४ नग जानेवारी २०२४ चे निघतात. त्या चौदांचं वय ४४१ दिवस आहे आणि त्यांत २,१०० रुपये अडकलेत.

हा हिशेब खरेदीच्या यादीतच करायचा. समजा A मध्ये कोड, B मध्ये तारीख, C मध्ये नग आणि D मध्ये दर आहे. E मध्ये त्या कोडची आजची शिल्लक आणायची आणि F मध्ये त्या बिलातले किती नग अजून उरलेत ते काढायचं.

```
E2: =XLOOKUP(A2,Stock!A:A,Stock!C:C,0)
F2: =MAX(0,MIN(C2,E2-SUMIFS(C:C,A:A,A2,B:B,">"&B2)))
G2: =DATE(2025,3,31)-B2
H2: =VLOOKUP(G2,$N$2:$O$5,2,TRUE)
I2: =F2*D2
```

F चं सूत्र एवढंच करतं: शिलकीतून या बिलानंतर आलेला माल वजा करतं आणि उरलेला आकडा या बिलाच्या नावावर टाकतं. H साठी N आणि O मध्ये छोटा तक्ता लागतो: ०, ९१, १८१, ३६६ आणि समोर गटांची नावं. हे आकडे चढत्या क्रमानेच हवेत, नाहीतर TRUE असलेलं VLOOKUP कुरकुर न करता चुकीचा गट देतं. मग पिव्हट टेबलमध्ये कोड आडव्या ओळींत, गट उभ्या रकान्यांत आणि I ची बेरीज टाकली की जुन्या मालाची रक्कम समोर येते.

पुढे जाण्याआधी F ची बेरीज शिलकीशी ताडून पाहावी. एखाद्या कोडची बेरीज कमी आली, तर त्याची जुनी बिलं यादीत आलेली नाहीत. जास्त आली, तर बहुधा एकाच तारखेची दोन बिलं आहेत, कारण सूत्र त्यांना पुढचं-मागचं ठरवू शकत नाही. ती एकत्र करून घ्यावीत.

जुना माल आणि मंद खपाचा माल या मात्र दोन गोष्टी. खप पाहायला गेल्या सहा महिन्यांच्या विक्रीचं पिव्हट करावं. आपल्या ब्रेक शूचे २४ नग गेले असतील, तर महिन्याला चार. म्हणजे ४६ नगांना साडेअकरा महिने लागतील. फेब्रुवारीची खरेदी नकोच होती.

या पिव्हटमधली खरी मेख वेगळीच आहे. ज्या वस्तूचा एकही नग विकला नाही, तिची ओळच तिथे येत नाही. सर्वांत वाईट माल यादीतून गायब! म्हणून उलट जायचं: शिलकीच्या यादीतल्या प्रत्येक कोडचा खप विक्रीच्या पिव्हटमधून XLOOKUP ने मागवायचा आणि शेवटचं शून्य मुद्दाम सोडून द्यायचं. जिथे #N/A येईल तो माल हललेलाच नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर गेला. त्याचे भाग या यादीत सापडले तर नवल नको. अर्थात रोज विकला जाणारा स्पार्क प्लगही तिथे दिसला, तर कोडमागची मोकळी जागा किंवा मजकूर म्हणून साठलेला आकडा तपासायचा. मोकळी जागा TRIM ने जाते.

यादी नवी टाकल्यावर पिव्हट आपोआप बदललं नाही, तर Refresh All करावं. पावसाळी मालाला मार्चमध्ये मंद ठरवू नये. त्याचा खप गेल्या जून-जुलैशीच ताडावा. उरलेल्या वस्तूंसाठी वयाच्या पिव्हटमधल्या '३६५ दिवसांवर' या रकान्याच्या बेरजेवर डबल-क्लिक करावं. नव्या शीटवर त्यामागची सगळी बिलं उघडतात. खरेदीच्या यादीत पुरवठादाराचा रकाना असेल, तर कोणाला फोन करून माल परत घेता का विचारायचं, ती यादी तिथेच तयार मिळते.