पाकिटापासून ईमेलपर्यंत एकच बोली

ब्रँडच्या भाषेचे नियम लिहिताना बहुतेक जण विशेषणांपासून सुरुवात करतात आणि तिथेच काम फसते. ‘साधी, आपुलकीची, विश्वासार्ह’ असे कागदावर आले, तरी लिहिणाऱ्याला त्यातून पुढचे वाक्य सुचत नाही.

समजा, लोणची विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायात तिघे लिहितात. इन्स्टाग्रामवर ‘आंब्याचं लोणचं आलंय, बरण्या तयार ठेवा!’ असे येते, ईमेलमध्ये ‘आपली ऑर्डर प्रक्रियेत असून विलंबाबद्दल क्षमस्व’, तर पाकिटावर ‘कैरीचे लोणचे’. ग्राहकाला ही तीन दुकाने वाटतात. असा जुना मजकूर, वीसेक नमुने, एकत्र मांडून फरकांवर खुणा केल्या की नियम कुठे हवेत ते दिसते. मराठीत ते ठरावीक जागी सापडतात: ‘तुम्ही’ की ‘आपण’, ‘लोणचं’ की ‘लोणचे’, ‘२५० ग्रॅम’ की ‘250 g’, आणि एकाच पदार्थाला ‘आंबा’ म्हणायचे की ‘कैरी’.

प्रत्येक ठिकाणी एकच पर्याय निवडून त्याखाली चूक आणि बरोबर अशी जोडी द्यावी. नियमापेक्षा नमुनाच जास्त शिकवतो. वरच्या ईमेलचे रूप मग असे होईल: ‘तुमचं पार्सल आज निघणार होतं, ते परवा निघेल. बरण्या वेळेवर आल्या नाहीत. थांबायचं नसेल तर याच ईमेलला उत्तर द्या, पैसे परत करू.’ ‘तुम्ही’ आणि बोलीतली रूपे कॅप्शनसारखीच आहेत, फक्त थट्टा नाही. बोली सगळीकडे एकच राहते, सूर प्रसंगाप्रमाणे बदलतो. म्हणून उशीर, तक्रार आणि परतावा यांसाठी ‘विनोद नाही, इमोजी नाही’ असे वेगळे लिहून ठेवावे.

पाकिटावर मात्र सगळे ब्रँडच्या हातात नसते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, एफएसएसएआय परवाना क्रमांक हा मजकूर ठरल्याप्रमाणेच छापायचा असतो. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार ‘होममेड’सारखा, ग्राहकाची दिशाभूल करू शकणारा शब्दप्रयोग चालत नाही. लोणच्याच्या धंद्यात ‘घरगुती’ हा शब्द पेनाच्या टोकावरच असतो, त्यामुळे तो टाळायच्या शब्दांच्या यादीत आधी लिहावा. कॅप्शनलाही तीच यादी लागू, कारण कॅप्शन ही जाहिरातच असते.

हे सारे दोन पानांत मावावे. जास्त झाले तर कोणी उघडत नाही. कागद कामाचा आहे का, हे तपासायला दोघांना एकमेकांना न दाखवता नव्या लिंबाच्या लोणच्याचे कॅप्शन लिहायला द्यावे. शब्द वेगळे असले तर हरकत नाही. पण एकाने ‘आपण’ आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ लिहिले, तर नियम कच्चा आहे किंवा शोधूनही सापडत नाही. नवा वाद निघाला की निकाल त्याच दिवशी कागदावर चढवावा, आणि शेवटचा शब्द कोणा एकाचा हे आधीच ठरलेले असावे.