स्कार्टच्या २१ पिना : जुने उपकरण नव्या पडद्याला जोडताना रंग कुठे हरवतात?

युरोपातील नोकरी किंवा शिक्षण आटोपून परतलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात एखादा व्हिडिओ कॅसेट प्लेअर किंवा गेम कन्सोल असतो. त्याच्या तारेच्या टोकाला रुंद, चपटा आणि एका बाजूने तिरका असलेला प्लग असतो. हाच स्कार्ट. भारतातील जुन्या दूरचित्रवाणी संचांवर प्रामुख्याने पिवळी, पांढरी व लाल अशी गोल जोडणी असे, तर आजच्या संचावर एचडीएमआय असते. त्यामुळे बाजारातून ‘स्कार्ट ते एचडीएमआय’ अशी छोटी पेटी आणली जाते. चित्र दिसते, परंतु अक्षरांच्या कडा थरथरतात आणि लाल रंग आपल्या सीमेबाहेर पसरतो. उपकरण जुने झाले, असा निष्कर्ष काढून ते अडगळीत टाकले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा उपकरण निर्दोष असते. त्यातून बाहेर पडणारा उत्तम संकेत मधल्या पेटीने किंवा तारेने स्वीकारलेलाच नसतो.

ही जोडणी फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. तेथील रेडिओ व दूरचित्रवाणी उत्पादकांच्या संघटनेच्या फ्रेंच नावातील आद्याक्षरांवरून तिला स्कार्ट हे नाव पडले. फ्रान्समध्ये ती ‘पेरितेल’ म्हणूनही ओळखली जाते. १९८० पासून त्या देशात विकल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचांवर ती बंधनकारक होती आणि हे बंधन २०१५ मध्ये संपुष्टात आले. फ्रान्सची सेकाम ही रंगप्रणाली शेजारी देशांतील पाल प्रणालीहून भिन्न होती. गेम कन्सोलमध्ये सेकामचा संकेत तयार करणे खर्चिक ठरत असल्याने लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग स्वतंत्र तारांनी थेट संचाला देणे सोयीचे पडे. या तीन रंगांच्या संकेतालाच आरजीबी म्हणतात आणि स्कार्टचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

कोणती पिन काय करते?

प्लगमध्ये दोन ओळींत २० पिना असतात आणि भोवतालचे धातूचे कवच २१ वी पिन मानले जाते. सगळ्यांचे पाठांतर करण्याची गरज नाही. त्या चार गटांत विभागल्या की चित्र स्पष्ट होते.

पहिला गट ध्वनीचा. पिन १ व ३ मधून उजवा आणि डावा आवाज बाहेर पडतो, तर पिन २ व ६ मधून तो आत येतो. दुसरा गट साध्या चित्राचा. पिन १९ मधून चित्र बाहेर जाते आणि पिन २० मधून आत येते. या संकेतात प्रकाशमान आणि रंग एकाच तारेत मिसळलेले असतात, म्हणून त्याला संयुक्त किंवा कॉम्पोझिट संकेत म्हणतात. तिसरा गट शुद्ध रंगांचा: पिन ७ निळ्यासाठी, ११ हिरव्यासाठी आणि १५ लाल रंगासाठी. चौथा गट सूचनांचा. उपकरण सुरू झाल्याचे पिन ८ संचाला कळवते. तेथे सुमारे १२ व्होल्ट आले तर जुन्या ४:३ आकाराचे आणि सुमारे ६ व्होल्ट आले तर रुंद १६:९ आकाराचे चित्र अपेक्षित असते. ‘आता संयुक्त संकेत सोडून आरजीबी दाखवा’ हा आदेश पिन १६ देते. तेथे जवळपास शून्य व्होल्ट असेल तर संच संयुक्त चित्र दाखवतो आणि १ ते ३ व्होल्ट असतील तर आरजीबी.

या रचनेत एक बारकावा दडलेला आहे. आवाज आणि संयुक्त चित्र यांच्यासाठी येण्याच्या व जाण्याच्या पिना वेगळ्या आहेत. म्हणून दोन्ही टोकांना स्कार्ट असलेल्या तारेत एका टोकाची १९ क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या २० शी जोडलेली असते. आरजीबीसाठी मात्र प्रत्येक रंगाची एकच पिन आहे. ती तारेत सरळ, म्हणजे ७ ते ७, ११ ते ११ आणि १५ ते १५ अशी जाते. त्यामुळे आरजीबी बाहेर द्यायचे की आत घ्यायचे, हे तार ठरवत नाही. दोन्ही टोकांच्या सॉकेटची अंतर्गत रचना ठरवते. एकाच संचावर दोन स्कार्ट सॉकेट असूनही आरजीबी त्यांपैकी एकावरच चालते, याचा उलगडा येथे होतो.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आरजीबी सुरू असतानाही पिन २० निरुपयोगी ठरत नाही. प्रत्येक रेघ आणि प्रत्येक चौकट कोठे सुरू होते, हे सांगणारे समकालन स्पंद सामान्यतः तिच्यातूनच येतात. ही तार तुटली तर तिन्ही रंग पोहोचूनही चित्र स्थिर राहत नाही.

प्लग स्कार्टचा, संकेत मात्र संयुक्त

प्लेस्टेशन २ या कन्सोलचे उदाहरण घेता येईल. युरोपात ते २००० च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीस आले. त्यासोबत पिवळ्या, पांढऱ्या व लाल टोकांची तार आणि ती खोचण्यासाठी स्कार्टच्या आकाराचा एक ठोकळा मिळत असे. बाहेरून ही जोडणी स्कार्टची दिसते, परंतु त्या ठोकळ्यातून केवळ संयुक्त चित्र आणि आवाज जातो. कन्सोल आरजीबी देण्यास समर्थ असूनही ते या तारेतून बाहेर पडू शकत नाही.

म्हणून पहिली तपासणी प्लगची करावी. त्यात पिन ७, ११, १५ आणि १६ यांच्या जागी धातूच्या पट्ट्या आहेत का, हे पाहावे. अनेक प्लगांवर पिनांचे क्रमांक बारीक अक्षरांत कोरलेले असतात. या जागा रिकाम्या असतील तर त्या तारेकडून आरजीबीची अपेक्षा करता येणार नाही. अशा वेळी कन्सोलसाठी बनवलेली स्वतंत्र आरजीबी स्कार्ट तार घ्यावी लागते.

दुसरी पायरी कन्सोलच्या मेनूत आहे. तेथील `System Configuration` या भागात `Component Video Out` असा पर्याय असून त्यात `RGB` आणि `Y Cb/Pb Cr/Pr` असे दोन पर्याय मिळतात. दुसऱ्या पर्यायातही तीनच तारा वापरल्या जातात, परंतु त्यांतून प्रकाशमान आणि रंगांमधील फरक जातो. आरजीबी तार लावून हा पर्याय तसाच राहिला तर पडद्यावर चित्र उमटते, पण त्यावर हिरवी छटा पसरते. तार बिघडलेली नसते. मेनूतील निवड बदलताच रंग पूर्ववत होतात.

तिसरी पायरी रूपांतरकाची. स्कार्टचा संकेत अॅनालॉग आणि एचडीएमआयचा डिजिटल असल्याने केवळ तारांनी बनलेली जोडणी येथे काम करू शकत नाही. विजेवर चालणारे रूपांतरक लागतेच. स्वस्त पेट्यांपैकी बहुसंख्य पेट्या स्कार्ट सॉकेट पुरवतात, पण आतून पिन २० वरील संयुक्त संकेतच वापरतात. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात आरजीबी स्वीकारल्याचा स्पष्ट उल्लेख शोधावा. ‘स्कार्ट’ हा शब्द प्लगचा आकार सांगतो, संकेताचा प्रकार नव्हे. ओएसएससी आणि रेट्रोटिंक-५एक्स ही आरजीबी स्वीकारणाऱ्या रूपांतरकांची परिचित उदाहरणे आहेत. त्यांची किंमत साध्या पेटीच्या अनेक पट असते, त्यामुळे आपले उपकरण मुळात आरजीबी देते का, हे आधी तपासणे श्रेयस्कर.

शेवटची पायरी पडद्याची. पाल प्रणालीचे चित्र सेकंदाला ५० वेळा बदलते. काही पेट्या ते ६० च्या गतीने बाहेर देतात; मग संथ सरकणाऱ्या दृश्यात ठरावीक अंतराने हिसका जाणवतो. ५० हर्ट्झचे निर्गमन उपलब्ध असल्यास तेच निवडावे. पिन ८ कडे दुर्लक्ष करणारी पेटी ४:३ चे चित्र ताणून रुंद करते आणि माणसे जाडजूड दिसू लागतात. त्यासाठी संचाच्या मेनूतून चित्राचा आकार ४:३ करून घ्यावा.

दोष कसा ओळखावा?

आरजीबी खरोखर पोहोचले की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येते. गडद लाल अक्षरांच्या कडेने सरकणारे ठिपके दिसले किंवा बारीक पट्ट्यांवर इंद्रधनुषी छटा उमटली, तर पडद्यावर संयुक्त संकेतच आहे. आरजीबीमध्ये रंग वेगवेगळ्या तारांनी येत असल्याने ही लक्षणे संभवत नाहीत. पांढरा भाग पिवळसर दिसला तर निळ्याची पिन ७, जांभळट दिसला तर हिरव्याची पिन ११ आणि निळसर-हिरवा दिसला तर लाल रंगाची पिन १५ संपर्कात नाही, असे समजावे. चित्र केवळ कृष्णधवल असेल तर उपकरण बहुधा एस-व्हिडिओ या पद्धतीने संकेत पाठवत असते. त्यात पिन २० वरून फक्त प्रकाशमान जाते आणि रंग पिन १५ वरून जातो. संयुक्त संकेताची वाट पाहणाऱ्या पेटीपर्यंत तो पोहोचत नाही.

शंका राहिलीच तर मल्टिमीटर उपयोगी पडतो. उपकरण सुरू ठेवून तारेच्या मोकळ्या टोकावर पिन १६ आणि तिच्यासाठीची भूमी असलेली पिन १८ यांच्यातील व्होल्ट मोजावेत. मोजताना शेजारच्या पिना एकमेकींना टेकणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. शून्य दिसले तर आरजीबीचा आदेश निघतच नाही. पुढे काहीही जोडलेले नसताना हा आकडा ३ व्होल्टहून थोडा अधिक दिसू शकतो, त्यात वावगे नाही.

या सगळ्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लग्नसमारंभाच्या किंवा बालपणीच्या चित्रणाच्या व्हीएचएस कॅसेट पाहायच्या असतील तर आरजीबीसाठी खर्च करण्यात अर्थ नाही. त्या फितीवर तीन रंग स्वतंत्रपणे नोंदवलेलेच नसतात आणि कॅसेट प्लेअर पिन १९ वरून संयुक्त चित्रच बाहेर देतो. तेथे स्कार्टचा साधा ठोकळा आणि संयुक्त संकेत स्वीकारणारी पेटी पुरेशी ठरते. अशा काही ठोकळ्यांवर चित्र आत घ्यायचे की बाहेर द्यायचे, हे ठरवणारा छोटा खटका असतो. तो चुकीच्या बाजूला राहिला तर पडदा काळाच राहतो. म्हणूनच प्लेअर निकामी ठरवून भंगारात देण्यापूर्वी तो खटका एकदा दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावा.