घरात जवळीक, चारचौघांत अनोळखी

पुण्यातल्या एका कंपनीतलं जोडपं घ्या. तिला ताप आला की तो रात्रभर जागतो. ऑफिसच्या पार्टीत मात्र तिची ओळख ‘आमच्या टीममधली’ एवढीच. लगेच फसवणूक समजू नये. ती त्याच्या हाताखाली असेल, किंवा आंतरजातीय नात्यामुळे घरून धोका असेल, तर लपवणं समजू शकतं. पण मग ते दोघांनी मिळून ठरवलेलं असतं, आणि कधीपर्यंत तेही. विषय काढताच तो चिडत असेल, तर बहुधा त्याला चारचौघांत ‘मोकळा’ दिसायचंय. मानसशास्त्रज्ञ जस्टिन लेहमिलर यांच्या २००९ च्या अभ्यासात लपवलेल्या नात्यांत बांधिलकी कमी आढळली. लपवल्याने ती घटते की कमी असल्याने लपवलं जातं, हे त्यातून ठरत नाही. तिने थेट विचारावं, ‘पहिल्यांदा कुणाला सांगायचं, आणि कधी?’